रजा १ ऑगस्टला, बैठक २३ जूनला

कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडे त्याचं मशीनिंग होतं, काही भाग प्लेटिंगला मिरजेला जातात आणि तयार माल पुण्याच्या दोन-तीन ग्राहकांकडे रवाना होतो. माणसं ३८, उलाढाल आठ कोटींच्या आसपास, फर्म भागीदारीची आणि भागीदार दोघे सख्खे भाऊ. ऑफिसात मी, अकाउंट्सच्या ताई, त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढलेला एक मुलगा, स्टोअर आणि खरेदी पाहणारे काका आणि टाइम ऑफिसवाला. कर सल्लागार बाहेरचे, विश्रामबागेत बसतात. नावं मुद्दाम देत नाही.

मे महिन्यात ताईंनी रजेचा अर्ज दिला. डॉक्टरांनी २५ सप्टेंबरच्या आसपासची तारीख सांगितली होती. प्रसूती रजा २६ आठवड्यांची, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. त्या हिशोबाने १ ऑगस्टपासून २९ जानेवारीपर्यंत रजा ठरली. मोठ्या साहेबांनी लगेच सही केली आणि मला म्हणाले, "जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस बसून घ्या सगळे. ताई सांगतील, पोरगा लिहून घेईल."

दहातल्या नऊ ठिकाणी असंच होतं. मागे एका ठिकाणी नोकरीला असताना मी हेच केलं होतं. शेवटच्या दुपारी चार वाजता बसलो, साडेपाचला केक कापला, आणि पुढच्या महिन्यात पगाराच्या दिवशी कळलं की बँकेचा पासवर्ड हातात असला तरी ओटीपी जातोय रजेवरच्या माणसाच्या फोनवर. तो माणूस तेव्हा चारधामला होता.

म्हणून या वेळी तारीख ठरवताना मी उलटीकडून मोजायला घेतलं.

तारीख कशी निघाली

पहिला प्रश्न असा की हस्तांतरातली सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट कोणती. काम शिकवायला लागणारा वेळ आपल्या हातात असतो, परवानग्यांचा नसतो. आमच्या बँकेच्या नेट बँकिंगमध्ये रक्कम भरणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा. भरणाऱ्याचा आयडी ताईंच्या नावावर, मंजुरी धाकट्या साहेबांची. ताईंचा आयडी मुलाने वापरायचा नाही, तो त्यांच्या नावावरचा आहे. नवा आयडी हवा तर दोन्ही भागीदारांच्या सहीचं पत्र, मुलाची केवायसी, शाखेचा शिक्का, मग बँकेच्या मुख्य कक्षात पडताळणी. शाखेत विचारलं तर "आठ-दहा दिवस" म्हणाले. मी मनात तीन आठवडे धरले.

आता मालकांच्या सूचनेप्रमाणे २८ जुलैला बसलो असतो, तर पत्र गेलं असतं २९ला आणि आयडी आला असता ऑगस्टच्या मध्यावर कधीतरी. पगार ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. म्हणजे पहिल्याच महिन्यात एक तर ताईंना माहेराहून ओटीपी सांगायला लावायचं, नाहीतर ३८ माणसांचे चेक लिहीत बसायचं.

दुसरा प्रश्न होता महिन्याच्या चक्राचा. अकाउंट्सचं काम तारखांना बांधलेलं असतं. ७ला पगार आणि टीडीएसचा भरणा, ११ला विक्रीच्या बिलांचं जीएसटीआर-१, १४ला खरेदीवर मिळणाऱ्या क्रेडिटचं २बी तयार होतं, १५ला पीएफ आणि ईएसआयसी, २०ला कर भरायचं ३बी. यातली कोणतीही गोष्ट तोंडी समजावून येत नाही, एकदा स्वतःच्या हाताने करावी लागते आणि करताना शेजारी जाणता माणूस असावा लागतो. ताईंच्या रजेआधीचं शेवटचं पूर्ण चक्र जुलैचं. ते मुलाने करायचं आणि ताईंनी नुसतं पाहायचं, असं हवं असेल तर वाटप जुलै सुरू होण्याआधी झालेलं पाहिजे. जूनचं चक्र संपतं २० तारखेला. मग २१ ते ३० जून एवढीच फट उरते. त्यात ताईंची दवाखान्याची तारीख २६ जून आणि मोठे साहेब २७ पासून पुण्याला. म्हणून त्याआधीचा २३ जून धरला.

बैठक सकाळी ठेवली, साडेदहा ते बारा. दुपारी ताईंच्या पायाला सूज यायची, आणि दीड तासाच्या वर कुणाचंच डोकं चालत नाही. दुसरी बैठक २४ जुलैला अर्ध्या तासाची, जुलैच्या चक्रात काय अडलं तेवढंच बोलायला. ती झालीच नाही. का, ते पुढे येईलच.

यादी ताईंना विचारून केली नाही

"ताई, तुम्ही काय काय करता ते लिहून द्या," असं म्हटलं असतं तर त्यांनी प्रामाणिकपणे पंधरा कामं लिहिली असती, आणि ती सगळी आम्हाला आधीच माहीत असती. रोजचं काम माणसाला आठवतं. वर्षातून एकदा येणारं काम आठवत नाही, ते त्या तारखेला आपोआप आठवतं, आणि त्या तारखेला ताई इथे असणार नव्हत्या.

म्हणून आम्ही मागच्या वर्षीचं बँकेचं स्टेटमेंट काढलं. पूर्ण वर्षाचं काढलं नाही, नेमकं १ ऑगस्ट ते ३१ जानेवारी, म्हणजे रजेचेच सहा महिने. ताई आणि मी दोन दुपारी बसलो आणि खात्यातून गेलेल्या प्रत्येक रकमेवर एकच प्रश्न विचारला: हे पैसे जायला कुणाला काय आठवावं लागलं?

पगार, वीजबिल, फाउंड्री, वाहतूकवाला, हे सगळं पटापट मागे पडलं. वीजबिलाशी ताई क्षणभर थांबल्या. महावितरणचं बिल ठरलेल्या दिवसांत भरलं की थोडी सूट मिळते, आणि त्यासाठी त्या बिल पोस्टाने यायची वाट न पाहता ऑनलाइन काढून घेतात. हे मला माहीत नव्हतं. सप्टेंबर आणि डिसेंबरच्या १५ तारखेला आगाऊ कर. ऑक्टोबरमध्ये कारखान्याच्या विम्याचा हप्ता. दिवाळीआधी बोनस. नोव्हेंबरात स्टोअरमधल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची वार्षिक पडताळणी आणि मुद्रांकन, त्याची फी अगदी किरकोळ, पण काट्यावर चालू वर्षाचा शिक्का नसला तर इन्स्पेक्टर पहिलं बोट तिथेच ठेवतो. डिसेंबरमध्ये एका बँक गॅरंटीमागची ठेव नूतनीकरणाला येते.

स्टेटमेंटमध्ये दिसणार नाहीत अशीही कामं असतात, कारण त्यात पैसे जात नाहीत. ती शोधायला ताईंनी त्याच सहा महिन्यांतले पाठवलेले ईमेल आणि आपली डायरी चाळली. दोन गोष्टी सापडल्या. पहिली, जॉबवर्कचं विवरण. प्लेटिंगला गेलेल्या मालाची चलनं आणि परत आलेला माल यांचा मेळ घालून आयटीसी-०४ भरायचं असतं. पाच कोटींच्या वर उलाढाल असली की ते सहा महिन्यांनी, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबरचं २५ ऑक्टोबरपर्यंत. दुसरी, ताईंच्या डायरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने केलेली नोंद. मार्चमधली एका पुरवठादाराची दोन बिलं त्याने जीएसटीवर चढवलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांच्या कराचं क्रेडिट आम्हाला घेता आलं नव्हतं. रक्कम ४१ हजार. मागच्या आर्थिक वर्षाचं क्रेडिट घ्यायची मुदत ३० नोव्हेंबर, त्यानंतर ते कायमचं गेलं. पुरवठादाराला फोन करत राहणं हे काम कुठल्याच यादीत नव्हतं. ते ताईंच्या डोक्यात होतं आणि त्या पेन्सिलीत.

कुणाला काय

मोठ्या साहेबांचा कल होता की सगळं मुलाकडे द्यावं. मुलगा हुशार आहे आणि तयारही होता. अडचण त्याच्या हुशारीची नव्हती.

आमच्याकडे पुरवठादाराचं बिल येतं तेव्हा ते खरेदी ऑर्डर आणि माल आल्याच्या जीआरएनशी ताडून पास करायचं काम ताईंचं. नोंद करायचं काम मुलाचं. पैसे भरायचे ताईंनी, मंजूर करायचे धाकट्या साहेबांनी. ताईंची दोन्ही कामं मुलाकडे गेली असती तर बिल पास करणारा, नोंदवणारा आणि पैसे भरणारा एकच झाला असता. मंजूर करणाऱ्याने प्रत्येक बिल उघडून पाहिलं तरच चूक सापडणार, आणि धाकटे साहेब मशीनवर उभे राहून फोनवर मंजुरी देतात हे सगळ्यांना माहीत आहे. मुलावर अविश्वासाचा प्रश्नच नव्हता. त्याच्याकडून एक शून्य जास्त पडलं तर ते पकडणारं दुसरं कुणी उरलं नसतं. म्हणून बिल पास करणं काकांकडे गेलं. काका कुरकुरले, "मला संगणकाचं काय कळतंय?" पण ऑर्डर आणि जीआरएन दोन्ही त्यांच्याच हातची, आणि कागदावर सही करायला संगणक लागत नाही.

बैठकीच्या दोन दिवस आधी मी ग्रुपवर निरोप टाकला:

"नमस्कार. ताई १ ऑगस्टपासून रजेवर आहेत. २३ जूनला सकाळी साडेदहा ते बारा वरच्या खोलीत बसू. दोन्ही साहेब, ताई, काका, टाइम ऑफिस, अकाउंट्स यांनी पूर्ण वेळ थांबायचं आहे. सल्लागार साहेब सव्वाअकरापासून वीस मिनिटं फोनवर असतील. सोबत यादी जोडली आहे. आपल्या नावासमोरचं काम वाचून या. ते काम कसं कराल हे तुम्ही सांगायचं आहे, ताई फक्त चुकलं तिथे थांबवतील."

शेवटचं वाक्य ताईंनीच सुचवलं. त्या म्हणाल्या, "सर, मी बोलत बसले तर सगळे माना डोलावतील."

यादीचा कागद असा होता. काही ओळी गाळल्या आहेत:

- पगार आणि पुरवठादारांचे पैसे बँकेत भरणे: अकाउंट्सचा मुलगा. नवा आयडी येईपर्यंत ताई. मंजुरी पूर्वीप्रमाणे धाकटे साहेब.
- पुरवठादाराचं बिल पास करणे: काका.
- हजेरीवरून पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी: टाइम ऑफिस. तपासणी मी.
- ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल: डिस्पॅचचा मुलगा, स्वतःच्या उपयोगकर्ता आयडीने.
- जीएसटीआर-१ आणि ३बी: अकाउंट्सचा मुलगा तयार करेल, सल्लागार पाहतील, ओटीपी मोठ्या साहेबांचा.
- टीडीएस भरणा: अकाउंट्सचा मुलगा. तिमाही विवरण: सल्लागार.
- आयटीसी-०४: अकाउंट्स आणि सल्लागार.
- मार्चच्या दोन बिलांचं क्रेडिट: मी. शेवटची तारीख ३० नोव्हेंबर.
- विमा, वजनकाटा, गॅरंटीची ठेव: मी.

यातली एक ओळ चुकीची आहे. बैठकीत बसलेल्या सात जणांपैकी एकालाही ती खटकली नाही, मलाही नाही.

ज्या गोष्टी हस्तांतरित करायच्या नव्हत्या

बैठकीतली पहिली वीस मिनिटं ताईंच्या ड्रॉवरवर गेली. मोठ्या साहेबांची डिजिटल सहीची टोकन त्यात पडून असायची आणि तिचा पिन कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता. ताईंनी ती सहज मुलाच्या पुढ्यात ठेवली. मी म्हटलं, ही साहेबांची सही आहे. आपण त्यांचा सही करणारा हात ड्रॉवरमध्ये ठेवतो का? साहेब हसले, पण टोकन खिशात घातली आणि संध्याकाळी पिन बदलला. आता सही लागली की मुलाने त्यांच्याकडे जायचं. थोडा त्रास होतो, होऊ दे.

मग मोबाइल नंबरांचा घोळ. जीएसटी नोंदणीच्या वेळी अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून मोठ्या साहेबांचं नाव, पण नंबर आणि ईमेल ताईंचा दिलेला होता, कारण तेव्हा ते सोयीचं होतं. म्हणजे विवरण भरताना येणारा ओटीपी कायद्याने साहेबांचा आणि प्रत्यक्षात ताईंचा. हा बदल पोर्टलवर नॉन-कोअर दुरुस्तीतून करता येतो, अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पण तो करायलाही आधी जुन्या नंबरवर येणारा ओटीपी हातात असलेला बरा. ताई समोर बसल्या होत्या, फोन त्यांच्या हातात होता. पंधरा मिनिटांत अर्ज झाला. आयकर पोर्टलवर टॅनच्या लॉगिनला आणि पीएफच्या पोर्टलला कोणते नंबर आहेत ते त्याच बैठकीत उघडून पाहिलं. पीएफला सहा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या एका क्लार्कचा नंबर निघाला. इतकी वर्षं कुणाचं अडलं नाही, कारण पासवर्ड विसरायची वेळ आली नव्हती.

ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुख्य लॉगिनखाली उपयोगकर्ते तयार करता येतात, तसा डिस्पॅचच्या मुलाचा करून दिला. टॅलीतही मुलाला आणि टाइम ऑफिसला वेगवेगळे आयडी. ताईंचा पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही हे ठरलं, आणि १ ऑगस्टला त्यांचे आयडी बंद करायचे हेही. ताईंना सुरुवातीला ते जरा लागलं. मी म्हटलं, तुमच्या नावाने सहा महिने कुणी नोंदी केल्या तर उद्या उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. मग त्यांनीच तारीख लिहून घेतली.

जुलै

बँकेचं पत्र २४ जूनला गेलं. आयडी चालू झाला १५ जुलैला. तीन आठवडे बरोबर. ७ जुलैचा पगार ताईंच्या आयडीवरून गेला, मुलाने फाइल तयार केली आणि ताई शेजारी बसल्या. ११ला त्याने जीएसटीआर-१ भरलं. ताईंनी त्याला दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा एकाच कारणासाठी: पुण्याच्या एका ग्राहकाची बिलं. मुलाला वाटत होतं एखादं बिल राहिलं तर पुढच्या महिन्यात टाकू. ताईंनी त्याला सांगितलं ते मी तसंच्या तसं लिहून ठेवलं: "अरे, ११च्या आत नाही गेलं तर १४ला त्यांच्या २बीत आपलं बिल दिसत नाही. दिसलं नाही की ते जीएसटीची रक्कम अडवून ठेवतात. दंड किरकोळ असतो, अडकलेले पैसे किरकोळ नसतात." सल्लागारांनी हेच सांगितलं असतं तर त्याला एवढं पटलं नसतं.

मग पाऊस लागला. ताईंचं सासर सांगलीवाडीत. १६ जुलैपासून कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. पाणी अजून त्याच्या बरंच खाली होतं, पण २०१९च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी ज्यांनी घरात पाहिलंय ते चाळीसची वाट पाहत बसत नाहीत, त्यातून सातवा महिना संपत आलेली सून घरात. १८ला सकाळी ताईंचा भाऊ विट्याहून गाडी घेऊन आला आणि त्यांना माहेरी घेऊन गेला. त्या दिवसापासून १ ऑगस्टपर्यंत त्यांनी साठलेली हक्काची रजा टाकली. पाणी पुढे ओसरलं, ताई परत आल्या नाहीत आणि कुणी यावं असं म्हटलंही नाही.

२०ची ३बी मुलाने एकट्याने भरली. दोन पुरवठादारांची बिलं २बीत दिसत नव्हती. वहीत ताईंची ओळ होती, "२बीत नसेल तर घ्यायचं नाही, यादी करून काकांना द्यायची, काका फोन करतील." त्याने तसंच केलं. संध्याकाळी सहाला ओटीपी मोठ्या साहेबांच्या फोनवर आला, तेव्हा साहेब जेवणाच्या टेबलावर फोन विसरून मशीन शॉपमध्ये गेले होते. मुलगा फोन घेऊन पळत गेला. एवढंच नाट्य.

बैठक २८ जुलैची ठरली असती तर १८ला आमच्याकडे अर्धवट शिकलेला मुलगा, न मागितलेला बँक आयडी आणि विट्याला गेलेला ओटीपी असता.

रजेतले फोन

यादी करताना ताईंच्या रजेत त्यांना फोन करायचा की नाही यावरही बोलणं झालं होतं. काका म्हणाले, "एखादा फोन करायला काय होतंय, घरचीच आहे ती." पण एखादा फोन कधी एकच राहत नाही. ठरलं असं: १५ सप्टेंबरपर्यंत काही अडलं तर आठवड्यातून एकदा मी निरोप पाठवणार, उत्तर त्यांच्या सवडीने. त्यानंतर बाळ होईपर्यंत आणि झाल्यावरही, कामाचा एकही निरोप नाही. ऑगस्टमध्ये तीन निरोप गेले, सप्टेंबरमध्ये एक.

ऑगस्टमधल्या तीनपैकी एक निरोप त्यांच्याच पगाराचा होता, आणि तो खरं तर जायलाच नको होता. टाइम ऑफिसने हजेरीत त्यांच्या नावापुढे गैरहजेरी टाकली, हजेरीवरून पगारपत्रक झालं, आणि त्यांचा पगार शून्य निघाला. त्यांचा पगार २१ हजारांच्या वर, त्यामुळे त्या ईएसआयसीत नव्हत्या आणि प्रसूती रजेचा पगार फर्मनेच द्यायचा होता. पगारपत्रक मी तपासतो, मला दिसलं म्हणून दुरुस्त झालं. तरी मी त्यांना रजेच्या पगाराचा तपशील विचारायला निरोप पाठवला, जो फाइलमध्ये होता. स्वतःच्या पगाराची ओळ यादीत घालायला त्यांना संकोच वाटला असणार, आणि ती घालणं माझं काम होतं.

चुकलेली ओळ

आयटीसी-०४समोर दोन नावं होती, "अकाउंट्स आणि सल्लागार". २५ ऑक्टोबर गेला. २९ला मी सहज मुलाला विचारलं, भरलं का? तो म्हणाला, "सर, सल्लागार भरणार होते ना?" सल्लागारांना फोन केला. ते म्हणाले, "आम्ही चलनांची यादी यायची वाट पाहतोय." दोघंही खरं बोलत होते. चलनांचा मेळ तोपर्यंत निम्मा होता, आणि मिरजेच्या प्लेटिंगवाल्याकडची सहा चलनं परत आल्याची नोंदच नव्हती. माल परत आला होता, काकांनी उतरवूनही घेतला होता, चलनाची दुसरी प्रत फाइलला लागली नव्हती. जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षभरात परत यायला लागतो, नाहीतर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. त्या सहांपैकी एका चलनाला अकरा महिने होत आले होते. विवरण ३१ ऑक्टोबरला, सहा दिवस उशिरा गेलं.

त्या संध्याकाळी मी कागदावरची ती ओळ खोडली आणि दोन ओळी लिहिल्या. चलनांचा मेळ १५ तारखेपर्यंत: काका. विवरण: सल्लागार. बाकीच्या ओळींत पुन्हा कुठे दोन नावांमध्ये "आणि" दिसतो का तेही पाहिलं. नव्हता.

मार्चच्या दोन बिलांपैकी एक पुरवठादाराने सप्टेंबरमध्ये चढवलं, दुसऱ्यासाठी मला नोव्हेंबरपर्यंत दर सोमवारी फोन करावा लागला आणि शेवटी त्याचं पुढचं पेमेंट थांबवावं लागलं. ४१ हजारांचं पूर्ण क्रेडिट नोव्हेंबरच्या २० तारखेला भरलेल्या ३बीत आलं. ताईंची पेन्सिलीची नोंद नसती तर मला त्या बिलांचा पत्ताही लागला नसता.

ताई ३० जानेवारीला हजर झाल्या. दुसऱ्या दिवशी टीडीएसच्या तिसऱ्या तिमाहीचं विवरण होतं, ते सल्लागारांनी आधीच भरलं होतं. मी तोच कागद काढून पुन्हा बैठक घेतली, या वेळी वीस मिनिटांची, कुठलं काम परत घ्यायचं ते ठरवायला. बँकेत पैसे भरणं ताईंकडे परत आलं. बिल पास करणं काकांकडेच राहिलं. जीएसटीवर मुलगा आणि ताई दोघांनी एकदमच हात पुढे केला, आणि मी दोन्ही नावं लिहायला पेन उचलणार इतक्यात ताई म्हणाल्या, "एकच लिहा सर. त्याचंच लिहा."